भिशीची वही आणि सहावा महिना

भिशीत धोका कधी सर्वांत जास्त असतो, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतात, पहिल्या महिन्यात. जिला पहिली भिशी लागली तिनं पुढे हप्ते दिले नाहीत तर काय, अशी ती भीती असते. पण कागदावर मांडून पाहिलं तर उत्तर वेगळं येतं. त्यासाठी एक साधी भिशी घेऊ. डोंबिवलीतली एखादी इमारत, बारा घरं, दर महिन्याला प्रत्येकी २,००० रुपये. महिन्याला २४,००० जमतात आणि चिठ्ठीत जिचं नाव येईल ती ते उचलते. बारा महिन्यांत प्रत्येक घर २४,००० भरतं आणि २४,०००च घेतं. व्याज नाही, कमिशन नाही.

पहिला महिना संपला की एका घरानं भिशी उचललेली असते आणि त्या घराकडून अजून ११ हप्ते यायचे असतात. म्हणजे २२,००० रुपये फक्त विश्वासावर बाहेर आहेत. तिसऱ्या महिन्यानंतर तीन घरांकडून प्रत्येकी नऊ हप्ते, म्हणजे ५४,०००. सहावा महिना संपतो तेव्हा सहा घरांकडून प्रत्येकी सहा हप्ते यायचे असतात आणि बाहेरची रक्कम ७२,००० होते. तिथून ती उतरायला लागते आणि अकराव्या महिन्यानंतर पुन्हा २२,०००वर येते. म्हणजे भिशी मध्यावर असते तेव्हा सर्वांत नाजूक असते. आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना सवय झालेली असते. वहीकडे कोणी बघत नाही, ‘पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते एकदम देते’ हे चालून जातं. भिशी सांभाळणाऱ्यानं जीव लावून सांभाळायचे महिने पाचवा ते आठवा आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीचे नियम त्या महिन्यांसाठीच करायचे असतात.

पहिला नियम चिठ्ठ्यांचा. दर महिन्याला चिठ्ठी काढण्यात मजा असते, सगळ्या बायका त्या निमित्तानं जमतात. तरीही बाराच्या बारा चिठ्ठ्या पहिल्याच दिवशी सर्वांसमोर काढून क्रम वहीत लिहून टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाची पाळी कधी हे आधी माहीत असलं की शाळेची फी, गणपती, घराचं रंगकाम यांचा मेळ घालता येतो. मुख्य म्हणजे ‘या वेळी मला फार गरज आहे’ असं म्हणून पाळी मागण्याची सोय उरत नाही. पाळीची अदलाबदल जरूर करू द्यावी, पण ती फक्त दोन घरांत, दोघींच्या सहीनं आणि निदान एक महिना आधी. जमण्याची मजा हवी असेल तर उचलीच्या दिवशी, दहा तारखेला, चहाला जमावंच. वही वाचून दाखवायला तो उत्तम वेळ आहे. भिशीत अगदी नवं आलेलं, नुकतंच भाड्यानं राहायला आलेलं घर असेल, तर त्याला शेवटच्या चार पाळ्यांतली एक द्यावी. हे आधी मोकळेपणानं सांगितलं तर कुणाला अपमान वाटत नाही. गुपचूप केलं तर मात्र वाटतो.

दुसरा नियम अनामतीचा. सुरुवातीलाच प्रत्येक घरानं एक हप्ता जास्तीचा ठेवायचा. बारा घरांचे २४,००० वेगळे राहतात आणि शेवटी परत मिळतात. हे पैसे भिशीवाल्या वहिनींच्या रोजच्या खात्यात नकोत. दोन सभासदांचं संयुक्त खातं काढावं आणि बँकेच्या फॉर्मवर ‘दोघांच्या सह्यांनी’ हा पर्याय निवडावा. ‘दोघांपैकी कोणीही’ निवडलं तर एकटीलाही पैसे काढता येतात आणि संयुक्त खात्याचा अर्थच उरत नाही. दोघांच्या सह्यांच्या खात्याला यूपीआय सहसा मिळत नाही. इथे ते सोयीचंच आहे, कारण अनामत एका फोनवरून हलू नये.

अनामत नेमकी कशी उपयोगी पडते, हे दोन वेगळ्या प्रसंगांत पाहिलं की उचलीआधी सोडणं आणि उचलीनंतर बुडवणं यांतला फरक कळतो.

समजा नववी पाळी असलेलं घर चार हप्ते भरून बदलीमुळे नागपूरला गेलं आणि भिशीतून बाहेर पडलं. त्यांचे ८,००० भिशीत अडकलेत. पाचव्या ते आठव्या महिन्यात जमेत दर वेळी २,००० कमी पडतील, ते अनामतीतून भरायचे. चार महिन्यांचे ८,०००. नवव्या महिन्यात ११ घरांचे २२,००० जमतील आणि ते उचलणारं कोणी नसेल. त्यातले ८,००० अनामतीत परत जातात, ८,००० नागपूरला पाठवायचे आणि उरलेले ६,००० दहाव्या, अकराव्या, बाराव्या महिन्याच्या तुटीला ठेवायचे. हिशेब रुपयालाही न चुकता जुळतो आणि कुणाचंच नुकसान होत नाही. तरीही अशा वेळी इमारतीत फार कुरबुर होते, कारण हे कुणी मांडून दाखवलेलं नसतं. सोडणाऱ्या घराला पैसे लगेच मिळणार नाहीत, त्याच्या पाळीच्या महिन्यात मिळतील, एवढं एक वाक्य पहिल्या पानावर लिहिलेलं हवं.

आता उलटा प्रसंग. तिसऱ्या महिन्यात २४,००० उचललेलं घर सहा हप्ते देऊन थांबलं. त्यांच्याकडून १२,००० यायचे आहेत. अनामत नसती तर पुढच्या सहा घरांना २४,०००ऐवजी २२,००० मिळाले असते, म्हणजे ज्यांनी सर्वांत जास्त दिवस धीर धरला त्यांनाच प्रत्येकी २,०००चा फटका. अनामत असली की आधी त्या घराचे स्वतःचे २,००० जातात आणि उरलेले १०,००० बाकीच्या अकरा घरांवर सारखे पडतात, प्रत्येकी सुमारे ९०९ रुपये. शेवटी प्रत्येकाला अनामतीचे २,०००ऐवजी साधारण १,०९१ परत मिळतात. हा तोटाच आहे, पण वाटून घेतलेला आहे आणि कुणाची पाळी अडत नाही. मात्र अशी दोन घरं थांबली तर अनामतीचे २४,००० पूर्ण संपतात. म्हणून अनामत आहे म्हणजे सगळं सुरक्षित, असं समजू नये. पैसे उचलतानाच ‘माझ्याकडून इतके हप्ते बाकी आहेत, ते अमुक तारखेपर्यंत दर महिन्याला देईन’ असं वहीत लिहून सही घ्यावी. भांडण झालंच तर तो मजकूर शंभर आठवणींपेक्षा उपयोगी पडतो.

आता वही. साधी लांब, रेघांची वही पुरते. डाव्या बाजूला बारा नावं, वर बारा महिने, म्हणजे १४४ चौकोन. चौकोनात नुसती टिक नको. पैसे खात्यात आले ती तारीख आणि व्यवहाराच्या संदर्भ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहायचे. ज्या महिन्यात जिनं भिशी उचलली तो चौकोन लाल शाईनं गोल करायचा. एवढं केलं की कोणत्याही दिवशी वही उघडून गोलाच्या उजवीकडचे रिकामे चौकोन मोजले, की त्या घराकडून किती येणं आहे ते कळतं. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला नवा आकडा आणि सही. पांढरा व्हाइटनर वहीत कधीच नको. दहा तारखेला पान पूर्ण झालं की त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकावा. नंतर बदल झालाच तर तो बारा फोनमधल्या फोटोंशी जुळणार नाही आणि चटकन दिसेल.

फोनवर शीट ठेवायची असेल तर ती वहीची जोड म्हणून ठेवावी. एक हप्ता म्हणजे एक ओळ: A रकान्यात तारीख, B मध्ये नाव, C मध्ये महिना, D मध्ये रक्कम, E मध्ये पूर्ण संदर्भ क्रमांक. लिहिण्याचा अधिकार दोघींनाच, बाकी सगळ्यांना फक्त पाहण्याचा. दोन सूत्रं खरोखर कामाची आहेत. H2 मध्ये नाव लिहिलं की पहिलं सूत्र त्या घरानं आजवर किती भरले ते सांगतं. दुसरं F रकान्यात खाली ओढलं की एकच संदर्भ क्रमांक दोनदा आला असेल तिथे TRUE दाखवतं.

```
=SUMIFS(D:D, B:B, H2)
=COUNTIF(E:E, E2)>1
```

दुसऱ्या सूत्राचं महत्त्व पहिल्यांदा कळत नाही. यूपीआयच्या पावतीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर पडला, हात जोडल्याचं चिन्ह आलं आणि वहीत टिक झाली, असं होतं तेव्हा मागच्या महिन्याचाच स्क्रीनशॉट पुन्हा आलाय हे लक्षात येत नाही. बहुतेक वेळा ती नुसती गडबड असते, फोनच्या गॅलरीतून चुकीचा फोटो गेलेला असतो. पण बनावट पावत्या तयार करणारी ॲपही आहेत आणि त्यांतली पावती अगदी खऱ्यासारखी दिसते. म्हणून एकच रीत ठेवावी.

“वहिनी, स्क्रीनशॉट टाकलाय हं, टिक करा.”

“काकू, तुमच्यावर विश्वास आहेच हो. खात्यात दिसले की लगेच करते.”

खात्यात दिसले म्हणजे बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात दिसले. ‘तुमच्या खात्यात २,००० जमा’ असा मेसेज साध्या मोबाइल नंबरवरून आला तर तो बँकेचा नाही. संदर्भ क्रमांक लिहितानाही एक गोंधळ होतो. काही ॲपमध्ये ॲपचा स्वतःचा, अक्षरं आणि आकडे मिसळलेला व्यवहार क्रमांक वेगळा असतो आणि बँकेचा क्रमांक वेगळा. आपल्याला हवा तो यूपीआयचा बारा आकडी क्रमांक. काही ॲपमध्ये तो `UTR` नावानं दिसतो. तोच दोन्ही बाजूंच्या बँकांच्या स्टेटमेंटमध्ये सापडतो, म्हणून वादात तोच कामाला येतो.

पैसे कुणाच्या खात्यात जावेत, यावर दोन मतं आहेत. एका रीतीत सगळे भिशी सांभाळणाऱ्या वहिनींना पाठवतात आणि दहा तारखेला त्या एकदम पुढे पाठवतात. दुसरीत अकरा घरं थेट त्या महिन्याच्या घराच्या खात्यात प्रत्येकी २,००० पाठवतात. तिला २२,००० येतात आणि तिचे स्वतःचे २,००० वहीत ‘स्वतःचे’ म्हणून लिहिले जातात. हे ‘स्वतःचे’ लिहायचं विसरलं की बाराव्या महिन्यात प्रत्येक घराचा एक हप्ता कमी दिसतो आणि सगळे हादरतात.

बारा-पंधरा घरांच्या भिशीला मी थेट पाठवण्याचीच बाजू घेईन. मोठी रक्कम कुठेही थांबत नाही, त्यामुळे ‘पैसे वापरले गेले’ हा संशयच जन्मत नाही. आणखी एक कारण कमी लोकांना ठाऊक आहे. सभासदाच्या खात्यात कुठून तरी फसवणुकीचे पैसे आलेले असतील आणि त्याच खात्यातून हप्ता आला, तर तपासात पुढच्या खात्यातली ती रक्कम रोखली जाऊ शकते, कधी पूर्ण खातंही गोठतं. सगळे हप्ते एकाच खात्यात येत असतील तर ते खातं गोठलं की साऱ्या इमारतीची भिशी गोठते. थेट पद्धतीत एका महिन्याचा आणि एका घराचा प्रश्न राहतो. अशी चौकशी झालीच तर सह्यांची वही हा खुलासा आहे, म्हणूनही ती नीट हवी. थेट पद्धतीचा तोटा एवढाच की वहिनींना पैसे आलेले स्वतःला दिसत नाहीत. त्यामुळे ज्या घराची पाळी आहे तिनंच स्वतःचं स्टेटमेंट पाहून अकरा नावांवर खूण करायची आणि वहीवर सही करायची.

थेट पाठवण्याच्या रीतीत खरी जागरूकता लागते ती एकाच ठिकाणी: दर महिन्याला पैसे घेणारं खातं बदलतं. फसवणारा नेमका याचाच फायदा घेतो. एखाद्या सभासदाचं व्हॉट्सॲप कुणी ओटीपी काढून घेऊन ताब्यात घेतलं, की ग्रुपवर तिच्याच नावानं आणि फोटोनं मेसेज येतो, ‘माझं खातं बंद आहे, या महिन्याचे पैसे या नंबरवर पाठवा.’ अकरा जणी विश्वासानं पाठवतात. म्हणून पहिल्याच दिवशी बारा घरांचे यूपीआय आयडी, खाते क्रमांक आणि खात्यावरची नावं कागदावर घेऊन त्याखाली सह्या घ्याव्यात. ग्रुपवरच्या मेसेजनं हा कागद कधीच बदलत नाही. खातं बदलायचं असेल तर त्या घरानं प्रत्यक्ष येऊन सही करायची आणि बदल पुढच्या महिन्यापासून लागू. एकाच इमारतीत राहणाऱ्यांना जिना उतरून येणं जड नाही.

नव्या खात्यावर पहिल्यांदा पाठवताना आधी १ रुपया पाठवावा, त्यांना मिळाला का हे फोनवर विचारावं, मग १,९९९. पाठवण्याआधी ॲप बँकेत नोंदलेलं नाव दाखवतं, ते कागदावरच्या नावाशी ताडून पाहावं. खाते क्रमांकावर एनईएफटी करताना हे विशेष जपावं, कारण तिथे पैसे क्रमांकावर जातात, नुसत्या नावावर नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएसमध्येही पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पाहण्याची सोय आहे, ती वापरावी. चुकून भलत्याच खात्यात गेलेले पैसे बँक त्या माणसाच्या संमतीशिवाय सहसा परत ओढत नाही.

पिनबद्दलही एक गोष्ट वयस्क सभासदांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते, आणि सांगायला कंटाळू नये. पिन लागतो तो पैसे जाताना. भिशीचे पैसे घेण्यासाठी पिन टाकायचा नसतो, क्यूआर स्कॅन करायचा नसतो. कुणी तसं सांगितलं तर तो पैसे पाठवत नाहीये, घेतोय.

पैसे अडकले तर काय? हप्ता पाठवला, आपल्या खात्यातून गेला, समोर पोचला नाही आणि ॲपवर ‘प्रलंबित’ दिसतंय. इथे घाबरून दुसऱ्यांदा पाठवलं जातं आणि रात्री दोन्ही पोचतात. यूपीआयमध्ये असे न पोचलेले पैसे उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी परत यायला हवेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम आहे. त्यानंतर बँकेनं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. तेव्हा दुसरा दिवस संपेपर्यंत थांबावं. याच कारणासाठी हप्त्याची तारीख सात आणि उचलीची दहा ठेवावी. पगार झालेले असतात, कर्जाचे हप्ते बहुतेकांचे पाचपर्यंत कापून गेलेले असतात आणि मध्ये अडकलेले पैसे सुटायला तीन दिवस मिळतात. फोन नुकताच बदललेला असेल तर पहिल्या २४ तासांत यूपीआयनं ५,०००पर्यंतच पाठवता येतात. गोळा करून पुढे देण्याची रीत असेल आणि वहिनींनी नऊ तारखेला नवा फोन घेतला, तर २४,००० दहाला जाणार नाहीत.

स्मार्टफोन नसलेल्या आजींचा हप्ता मुलाच्या खात्यातून येतो. स्टेटमेंटवर मुलाचं नाव दिसतं, वहीत आजींचं. चौकोनात लहान अक्षरात ‘मुलगा’ लिहून ठेवावं, नाहीतर चार महिन्यांनी ते नाव कुणाचं हे आठवत नाही. पैसे पाठवताना शेऱ्याच्या जागी सगळ्यांनी एकसारखं लिहावं, जसं सातव्या महिन्याला `BHISHI07`. रोख दिले तर घेणारीची आणि देणारीची, दोघींची सही त्याच वेळी.

एवढं करूनही फसवणूक झाली तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर फोन करावा, `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावं. बारा आकडी क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवावी. पैसे पुढच्या खात्यात गेल्यावर फार वेळ थांबत नाहीत; ते तिथेच रोखले गेले तर मिळण्याची आशा असते.

ही सगळी मांडणी ओळखीच्या घरांच्या, कमिशन नसलेल्या भिशीची आहे. कुणी अनोळखी लोकांकडून पैसे घेऊन, लिलाव लावून, कमिशन ठेवून चालवायला लागलं, की तो चिट फंडाचा धंदा होतो आणि त्याला १९८२च्या चिट फंड कायद्याप्रमाणे सरकारची पूर्वपरवानगी आणि नोंदणी लागते. शेजारच्या इमारतीतल्या आठ जणी ‘आम्हालाही घ्या’ म्हणाल्या तर त्यांना त्यांची वेगळी भिशी सुरू करायला मदत करावी. बाराची वीस केली की मुदत वीस महिन्यांची होते आणि मध्यावर बाहेर असलेली रक्कम ७२,०००वरून थेट दोन लाखांवर जाते.

बाराव्या महिन्यात शेवटचं घर उचलतं तेव्हा १४४ चौकोन भरलेले असतात. प्रत्येक ओळीची बेरीज २४,००० आणि प्रत्येक ओळीत एक लाल गोल. मग संयुक्त खात्यातून अनामत परत. त्यावर जमलेलं थोडंसं व्याज बारा घरांत वाटायचं. शेवटच्या पानावर ‘माझी अनामत मिळाली, काही येणं नाही’ असं लिहून बारा सह्या घ्यायच्या. वही जपून ठेवायची. खाते क्रमांकांचा कागद मात्र फाडून टाकायचा, आणि पुढच्या भिशीला तो नव्यानं भरून घ्यायचा, घरं तीच असली तरी.